अख्खं पाकीट, अख्खं लिटर

मढच्या कोळीवाड्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणू. चौदा महिन्यांचा मुलगा, वजन साधारण दहा किलो. सकाळी सहापासून दहा वाजेपर्यंत त्याला तीनदा पाण्यासारखी पातळ संडास झाली आहे. घरात ओआरएसचं एक लिटरचं पाकीट आहे. आई ते फोडते आणि तिथेच थबकते. एवढ्याशा पोराला लिटरभर पाणी कोण पाजणार? आजी म्हणते, "अगं, दोन चमचे पेल्यात टाक, बाकीचं पाकीट दुमडून ठेव. उद्याला होईल."

यात निष्काळजीपणा नाही, उलट काटकसर आहे. पण ओआरएस देताना घरात होणारी सर्वांत मोठी चूक नेमकी हीच.

एक लिटरच्या पाकिटात साडेवीस ग्रॅम पावडर असते. त्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. उरलेले दोन क्षार म्हणजे पोटॅशियम क्लोराइड आणि सोडियम सायट्रेट. हे प्रमाण उगाच ठरलेलं नाही. आतड्याच्या अस्तरात एक दार असं असतं की ते मीठ आणि ग्लुकोज यांना सोबतच आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी शरीरात ओढलं जातं. जुलाबात आतड्याची बाकीची व्यवस्था बिघडली तरी हे दार बहुधा चालू राहतं. म्हणून नुसतं पाणी जे करू शकत नाही, ते ओआरएस करतं.

पण द्रावण घट्ट झालं की गणित उलटतं. लिटरचं पाकीट २०० मिलीच्या पेल्यात ओतलं, तर ते पाचपट तीव्र होतं. असं पाणी आतड्यात गेलं की ते शरीरातलंच पाणी आतड्यात खेचतं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठही धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. फार पातळ केलं, तर गेलेलं मीठ भरून निघत नाही. आणि 'दोन चमचे' टाकले तर नेमकं काय झालं, हे कळायलाच मार्ग नाही. चमचे लहानमोठे असतात, शिवाय पाकिटात ग्लुकोज आणि क्षार सगळीकडे सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. उघडं पाकीट मढच्या दमट हवेत ओलं होऊन गोळे धरतं, ते वेगळंच.

म्हणून नियम एकच. पाकिटाच्या मागे किती पाण्यासाठी ते लिहिलेलं असतं, तेवढंच पाणी घ्यायचं आणि पाकीट पूर्ण रिकामं करायचं. बाजारात २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात. लहान मुलाच्या घरात ती सोयीची, पण ती लिटरच्या बाटलीत टाकायची नाहीत. मापासाठी ज्यावर 'एक लिटर' असं छापलं आहे अशीच बाटली घ्यावी. शीतपेयाच्या बाटल्या पाऊण लिटरच्या किंवा सव्वा लिटरच्याही असतात. पाणी आधी उकळून पूर्ण गार करावं, मग पावडर टाकावी. तयार द्रावण पुन्हा उकळायचं नाही आणि त्यात साखर, दूध किंवा रस मिसळायचा नाही. झाकून ठेवलेलं द्रावण चोवीस तास चालतं, नंतर उरेल ते ओतून द्यावं.

आता त्या आईच्या शंकेकडे येऊ. लिटरभर बनवलं म्हणजे लिटरभर पाजायचं असं नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ संडासनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे पाव ते अर्धा पेला, द्यायचं असतं. दोन वर्षांपुढे अर्धा ते एक पेला. आपल्या या मुलाला दिवसभरात सात जुलाब झाले आणि दर वेळी ७५ मिली दिलं, तर साधारण सव्वापाचशे मिली पोटात जाईल. उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतलं जाईल आणि त्यात काही बिघडत नाही. महापालिकेच्या दवाखान्यात पाकीट मोफत मिळतं.

देण्याची पद्धत वाटी-चमच्याची. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. ७५ मिली म्हणजे पंधरा चमचे, पंधरा मिनिटं ते अर्धा तास बसावं लागतं. तहानलेलं मूल घटाघट प्यायला बघतं, पण एकदम प्यायलं की उलटी होते. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबावं आणि मग दोन-तीन मिनिटांनी एक चमचा असं पुन्हा सुरू करावं. सोबत आईचं दूध चालूच ठेवावं. मऊ भात, पेज, खिचडी, केळं, दही हेही द्यावं. मूल उपाशी ठेवू नये.

दुपारपर्यंत आणखी दोन जुलाब होतात आणि घरात सूर निघतो, "यानं काही फरक पडत नाही." ओआरएस इथेच सोडून दिलं जातं. पण ओआरएस जुलाब थांबवण्याचं औषध नव्हेच. ते गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढतं. जुलाब पुढे काही दिवस चालू शकतात. ते किती झाले यापेक्षा मूल कसं आहे, हे बघावं. खेळतंय, लघवी होतेय, रडताना डोळ्यांत पाणी येतंय, तर काम चाललं आहे. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नयेत.

दुकानात फळांच्या चवीचे, ओआरएससारख्या नावाचे डबेही या घरांमध्ये येतात. त्यांतल्या अनेकांत साखर जास्त आणि मीठ फार कमी असतं. जास्त साखरेने जुलाब वाढतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही विकत घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाकिटावर आहे का, ते वाचावं.

मढहून मोठं रुग्णालय गाठायचं तर वर्सोव्याची फेरी बोट धरावी लागते किंवा मार्वेमार्गे मालाडचा रस्ता. म्हणून निघायचं कधी, हे आधीच ठाऊक हवं. डोळे खोल गेले, मूल चिडचिडं होऊन अधाशासारखं पिऊ लागलं किंवा पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर सावकाश सपाट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मूल मलूल पडलं, पिईनासं झालं किंवा चिमटीतली कातडी दोन सेकंदांनंतरही तशीच राहिली, तर क्षणभरही थांबू नये. शौचात रक्त, दिलेलं सगळं उलटून पडणं, सहा तास लघवी नसणं, बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असणं किंवा मूल फार अशक्त असणं, हीसुद्धा निघण्याचीच कारणं. वाटेत मूल शुद्धीवर असेल आणि गिळत असेल, तर चमचा चालू ठेवावा.

जुलाब थांबले तरी एक गोष्ट उरते. सहा महिन्यांपुढच्या मुलाला २० मिलिग्रॅम झिंक रोज, चौदा दिवस द्यायचं असतं. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला याच्या निम्मं. तिसऱ्या दिवशी मूल बरं दिसलं की बहुतेक घरांत ती गोळी बंद होते, पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याचा धोका कमी व्हावा यासाठीच ती असते. म्हणून पाकिटाबरोबर चौदा गोळ्यांची पट्टीही मागून घ्यावी आणि ती संपेपर्यंत द्यावी.