पाकिटाची पाठ (भाग 6) : ‘जीपी’नंतरचा आकडा

मागच्या भागात एक्स्पायरी आणि बॅच नंबर झाले. या वेळी पाकिटाच्या मागच्या बाजूला जो बारीक मजकूर असतो, तो वाचायचा आहे. निमित्त झालं पुंडलिकनगरातल्या आमच्या काकूंच्या एका फोटोचं.

काकूंची शुगरची गोळी संपत आली होती. पुण्यातला मुलगा शनिवारी घरी येणार होता, म्हणून त्यांनी उरलेल्या पाकिटाचा फोटो काढून त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पाकीट अर्धं कापलेलं, वर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, आणि त्या चकाकीतून वाचता येत होता एकच शब्द: ग्लायकोमेट. मुलाने पुण्यातल्या मेडिकलमधून ग्लायकोमेट 500 आणली. मेडिकलवाल्याने दिली आणि ह्याने घेतली. काकू मात्र पाकीट घेऊन थेट माझ्याकडे आल्या. ‘‘अरे, आधीची गोळी दोन थरांची दिसायची. ही एकाच रंगाची आहे. कंपनीने बदलली का?’’

कंपनीने काही बदललं नव्हतं. काकू घेत होत्या ती ग्लायकोमेट-जीपी 1. नावातलं पहिलं आडनाव तेवढं जुळलं होतं, औषध वेगळं होतं.

मी त्यांचं जुनं अर्धं पाकीट उलटं केलं, खिडकीशी नेलं आणि थोडं तिरकं धरलं. मागे इंग्रजीत बारीक अक्षरांत जे होतं त्याचा अर्थ असा: प्रत्येक गोळीत मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड आयपी 500 मिलिग्रॅम, प्रोलाँग्ड रिलीज स्वरूपात, आणि ग्लिमेपिराइड आयपी 1 मिलिग्रॅम. औषध म्हणजे ही ओळ. पुढचं ठसठशीत नाव विकणाऱ्याचं असतं. ‘आयपी’ म्हणजे इंडियन फार्माकोपिया, म्हणजे या द्रव्याची शुद्धता कशी मोजायची ते सांगणारा सरकारी ग्रंथ. 2018 पासून नियम असा आहे की औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा निदान दोन आकडे मोठ्या टायपात छापायचं. पण मूळ नाव काळ्या साध्या अक्षरांत आणि ब्रँड रंगीत पट्ट्यावर असला, की आपला डोळा रंगावरच जातो. नियम पाळला जातो, वाचणाऱ्याचं काम तिथल्या तिथेच राहतं.

आता त्या ओळीतले आकडे. नावातला ‘1’ हा ग्लिमेपिराइडचा आहे. मेटफॉर्मिनचे 500 ब्रँडच्या नावात कुठेच नाहीत. त्याच घराण्यात जीपी 2 आहे, तिच्यात ग्लिमेपिराइड 2 आणि मेटफॉर्मिन तेवढंच, 500. आणि जीपी 1 फोर्ट आहे, तिच्यात ग्लिमेपिराइड 1 पण मेटफॉर्मिन 1000. मुलाने आणलेल्या गोळीत मात्र ग्लिमेपिराइड नव्हतंच. ती घेतली असती तर काकूंना त्या दिवशी काहीच जाणवलं नसतं. शुगर हळूहळू चढत गेली असती आणि पुढच्या तपासणीत कळलं असतं. उलटी चूक याहून वाईट. ग्लिमेपिराइड हे स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावणारं औषध. एकऐवजी दोन मिलिग्रॅम गेलं आणि नेमकी त्या दिवशी एकादशी असली, तर दुपारी घाम, हातपायांना थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. पुंडलिकाच्या नावाच्या वस्तीत एकादशी कोण मोडणार? (उपासाच्या दिवशी ही गोळी घ्यायची की नाही, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं, हे ओघात सांगतो.)

तिसरा शब्द ‘प्रोलाँग्ड रिलीज’. कोणी एसआर लिहितं, कोणी ईआर, कोणी एक्सआर. मतलब एकच, की मेटफॉर्मिन एकदम न सुटता काही तासांत हळूहळू सुटावं. साध्या मेटफॉर्मिनने पोट बिघडण्याची तक्रार जास्त असते, म्हणून ही रचना. अशी गोळी चुरडायची किंवा चावायची नाही. पर्याय शोधताना सॉल्ट जुळलं, मिलिग्रॅम जुळले आणि हा शब्द जुळला नाही, तर ते ‘सेम कंपोझिशन’ नव्हे.

फोटो काढताना म्हणूनच एवढं करा. पाकीट टेबलावर सपाट ठेवा, फ्लॅश बंद, उजेड खिडकीचा आणि बाजूने येणारा. दोन्ही बाजूंचे वेगवेगळे फोटो. पाकिटाच्या फॉइलवर मजकूर पुन:पुन्हा छापलेला असतो, त्यामुळे कापलेल्या तुकड्यावरही तो तुकड्या-तुकड्यांनी सापडतो. एका जागी ‘ग्लिमेपि’ तुटलं असेल तर खालच्या रांगेत ‘राइड 1 मिलिग्रॅम’ मिळेल. मिळालं नाही तर अंदाज करायचा नाही, जुनी चिठ्ठी काढायची. थायरॉइडच्या गोळीला तर दुप्पट सावध राहा, ती मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ‘एमसीजी’तला ‘सी’ फोटोत पहिल्यांदा गायब होतो.

मुलाने नंतर फोनवर रास्त प्रश्न विचारला. ‘‘काका, हेच सॉल्ट, हेच मिलिग्रॅम, हेच एसआर असलेल्या दहा-बारा गोळ्या दिसतात. मग भाव इतके वेगळे का?’’ खरंच आहेत. सनोफीची अ‍ॅमॅरिल एम, सन फार्माची जेमर, आणखी कितीतरी, शिवाय जनऔषधी.

वाळूजच्या एका औषध कारखान्यात मी काही वर्षं पॅकिंगला होतो. सकाळच्या पाळीत एका कंपनीच्या नावाचा फॉइलचा रोल मशीनवर चढायचा. जेवणाच्या सुट्टीनंतर तो उतरवून दुसऱ्या कंपनीचा चढायचा. गोळी तीच, साचा तोच, बॅच नंबर वेगळा. याला धंद्यात ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. त्यात बेकायदा काही नाही, आणि पाकिटावर ते लिहिलेलंही असतं: ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ एकाचं नाव, ‘मार्केटेड बाय’ दुसऱ्याचं. पहिला पत्ता बहुधा हिमाचलातल्या बद्दीचा, सिक्कीमचा किंवा उत्तराखंडचा निघेल. घरातली दोन वेगळ्या ब्रँडची पाकिटं शेजारी ठेवून ती पहिली ओळ वाचून बघा, कधीकधी मजा येते.

भाव कसा बसतो ते एका काल्पनिक पाकिटावर मांडू. समजा छापील किंमत 105 रुपये. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवर 5 टक्के जीएसटी आहे, तो काढला की 100. त्यातले रिवाजाप्रमाणे 20 मेडिकलवाल्याचे, उरलेल्या 80 मधले 10 टक्के, म्हणजे 8, होलसेलरचे. कंपनीच्या हाती 72. त्यातून गोळी बनवणं, फॉइल, वाहतूक आणि नफा तर निघतोच, पण एमआरांची फौज, डॉक्टरांपर्यंत ब्रँड पोचवणं, परिषदा हेही निघतं. मेडिकलवाले ज्याला ‘एथिकल’ म्हणतात तो हा माल.

दुसरा माल त्याच दुकानात ‘जेनेरिक’ म्हणून मिळतो. त्यालाही ब्रँडचं नाव असतं, पण डॉक्टरांकडे त्याचा एमआर जात नाही. समजा छापील किंमत तीच 105, आणि मेडिकलवाल्याला ते पाकीट पडतं 25 ला. तो तुम्हाला ‘पन्नास टक्के डिस्काउंट’ देतो, तुम्ही खूश, आणि त्याला एथिकल मालापेक्षा जास्त सुटतात. म्हणून डिस्काउंटचा टक्का बघू नका, एका गोळीला शेवटी किती रुपये पडले ते बघा. तिसरा माल जनऔषधीचा. तो निविदा काढून घेतलेला, ब्रँडविना, आणि त्याची किंमत वरच्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या निम्म्याहून जास्त ठेवायची नाही, असं त्या योजनेचं सूत्र आहे. ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर जवळचं केंद्र आणि भाव दोन्ही दिसतात.

सरकार भाव बांधत नाही का? बांधतं, पण अर्ध्यावर. अत्यावश्यक यादीतल्या औषधांना 2013 च्या आदेशाखाली कमाल किंमत आहे. बाजारात किमान एक टक्का हिस्सा असलेल्या ब्रँडच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची साधी सरासरी काढायची आणि त्यावर 16 टक्के दुकानदाराचे. सुटं मेटफॉर्मिन 500 यादीत आहे, सुटं ग्लिमेपिराइड 1 सुद्धा. दोघांची जोडगोळी मात्र 2022 च्या यादीत नाही. काही नव्या जोडगोळ्यांचे भाव एनपीपीए कंपनीनिहाय ठरवून देतं. ते नसेल तर कंपनी आपला भाव ठरवू शकते, फक्त वर्षाला दहा टक्क्यांवर वाढवायचा नाही. दोन बांधलेली द्रव्यं एका गोळीत आली की बांधणी सैल होते, हे मला कधीच पटलेलं नाही.

आणि दर्जा? ‘स्वस्त म्हणजे भेसळ’ हे जितकं चूक, तितकंच ‘सगळ्या सारख्याच’ हेही. ग्लिमेपिराइड पाण्यात जेमतेम विरघळतं. अशा द्रव्याची गोळी कशी बनवली यावर ते रक्तात किती उतरेल हे ठरतं. एप्रिल 2017 पासून अशा, म्हणजे न विरघळणाऱ्या गटांतल्या औषधांना परवाना देताना बायोइक्विव्हॅलन्सची चाचणी सक्तीची आहे. म्हणजे माणसांच्या रक्तात दोन्ही गोळ्या सारख्याच उतरतात का, ते मोजून दाखवायचं. त्याआधीचे परवाने मात्र बाजारात आहेतच, आणि पाकीट वाचून कोणता परवाना कधीचा हे कळत नाही. पाकिटाची पाठ इथपर्यंतच बोलते. औषध कडक उन्हात टेम्पोत पडून होतं का, हेही ती सांगणार नाही.

म्हणून माझा हिशोब असा. या जोडगोळीसाठी स्वस्त पर्यायावर जायला हरकत नाही, पण एकदाच जा, त्याच पर्यायावर टिका आणि बदलल्यावर उपाशीपोटीची व जेवणानंतरची शुगर तपासा. दर महिन्याला जी स्वस्त ती, असं करू नका. थायरॉइड, फिट्स आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनच्या बाबतीत तर डॉक्टरांना न विचारता ब्रँडही बदलू नका, कारण तिथे थोडासा फरकही अंगावर येतो. आणि मेडिकलवाल्यावर चिडू नका. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर शेड्यूल एचमधल्या औषधाला, घटक तेच असले तरी, दुसरा ब्रँड स्वतःहून द्यायला नियम 65 त्याला मनाई करतो. बदल चिठ्ठीवर व्हायला हवा.

काकूंच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रँड खोडून दोन्ही सॉल्टची नावं, मिलिग्रॅम आणि एसआर लिहून दिलं. याला दीड मिनिट लागलं. मुलाने आणलेली ग्लायकोमेट 500 ची पाकिटं त्याने पावतीसह पुढच्या शनिवारी परत नेली, न कापलेली होती म्हणून दुकानदाराने घेतली.

पुढच्या आठवड्यात: ‘इक्विव्हॅलंट टू’ म्हणजे काय, आणि बीपीची अडीच मिलिग्रॅमची एक गोळी दुसऱ्या पाच मिलिग्रॅमच्या गोळीएवढंच काम का करते. तोवर घरातलं एक पाकीट काढून त्याची पाठ वाचून ठेवा. फोटो पाठवणार असाल तर दोन पाठवा, पुढचा आणि मागचा, आणि गोळ्या एक्स्पायरी छापलेल्या टोकाच्या उलट बाजूने कापा.