सरत्या वर्षाचं वाटणीपत्र

एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी जुन्या मित्रांच्या ग्रुपवर जे येतं ते बहुतेक सगळं दुसरीकडून आलेलं असतं. फटाक्यांचं चित्र, गुलाबाच्या पाकळ्या, 'येणारे वर्ष आपणांस व आपल्या कुटुंबीयांस' वगैरे. पुढे ढकललेल्या मेसेजवर व्हॉट्सॲप २०१८ पासून तशी खूण छापतं, त्यामुळे लपवायलाही काही उरत नाही. पंचवीस-तीस वर्षं ओळखणाऱ्या माणसांनी एकमेकांना 'आपणांस' म्हणावं, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. ज्यांच्या डब्यातली पोळी आपण खाल्ली आहे, त्यांना वर्ष संपताना चार ओळी आपल्या हाताने लिहायला हव्यात.

ही सवय लागली त्याला कारण आहे. ३ डिसेंबर १९९२ ला पहिला एसएमएस गेला, तोही नाताळच्या शुभेच्छांचाच. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावायची, देवनागरीत फक्त ७०. त्यातून आपल्याकडे सणासुदीच्या ठरावीक दिवसांना मोबाइल कंपन्या एसएमएसचं पॅक चालू देत नसत, प्रत्येक मेसेजला वेगळे पैसे पडायचे. अशा वेळी माणूस एकच गोळीबंद शुभेच्छा सगळ्यांना पाठवणार, दुसरं काय करणार? आता जागेची अडचण नाही, पैशाचीही नाही. तरी हात जुन्याच वळणाने जातो, कारण कोरं पान समोर आलं की वर्षभरात काय झालं तेच आठवत नाही.

म्हणून पहिलं काम लिहिण्याचं नाही, वाचण्याचं. वर्षाची सगळी दप्तरं ग्रुपमध्येच पडलेली असतात. ग्रुप उघडून शोधाच्या चौकटीत जा. तिथे कॅलेंडरची खूण असते, तिच्यावरून एक जानेवारीला उडी मारता येते. तिथून बोटाने खाली यायचं आणि शेजारी वहीत टिपत जायचं. फॉरवर्ड, वाढदिवसांचे केक, बातम्या सोडून द्यायच्या. टिपायचं ते फक्त कोणीतरी स्वतः लिहिलेलं. तासाभरात दोन पानं भरतात, आणि आपल्याला जे आठवत होतं त्यापेक्षा ती पानं फार वेगळी निघतात.

उदाहरणादाखल दहावीची एक बॅच घेऊ, आता पन्नाशीला आलेली. नावांऐवजी टोपणनावंच धरू. वहीत आलं ते असं. वकिलांनी एक जानेवारीपासून पहाटेच्या फिरण्याचा आणि सूर्योदयाचा फोटो टाकला, नऊ जानेवारीपर्यंत. मे महिन्यात तारकर्लीच्या सहलीसाठी मतदान झालं, चार तारखांना मतं पडली आणि सहल झाली नाही. जूनमध्ये शेठची अँजिओप्लास्टी झाली. जुलैत इंजिनिअरच्या आई गेल्या. त्याआधी एका रात्री त्यांच्यासाठी रक्त हवं होतं. न्यू जर्सीच्या मित्राने गणपतीत घरी केलेल्या उकडीच्या मोदकांचा फोटो टाकला. बाईसाहेब वर्षभर सगळ्यांचं शुद्धलेखन सुधारत होत्या. आणि वर्षभर गप्प असणाऱ्या मौनीबाबांचा एकच मेसेज सापडला, त्या रक्ताच्या रात्रीचा, सव्वाअकराचा : 'निघालोय.'

यातलं कशावर हसायचं? माझी कसोटी एकच आहे. ज्याच्यावर विनोद करायचा, त्याने स्वतः तो आधी केलेला असावा. शेठच्या हृदयाची थट्टा एरवी कोणी करू नये. पण दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनीच ग्रुपवर लिहिलं होतं, 'वडा बंद झाला रे, फोटो तरी पाठवत जा.' त्यांनीच दार उघडलं आहे, आपण तेवढ्याच दारातून आत जायचं. वड्यावर बोलायचं, छातीवर नाही. कोणाची नोकरी गेली, घर मोडलं, मुलाचा निकाल लागला नाही, यांपैकी काही संबंधिताने स्वतः हसत सांगितलेलं नसेल तर ते वहीतच राहू द्यावं. एखाद्याने फक्त तुम्हाला एकट्याला सांगितलेलं असेल, तर ते वहीतही नको.

माल जमला की साचा हवा. साचा नसेल तर लेखन महिन्यांच्या यादीसारखं होतं आणि मार्चपर्यंत वाचणारा दमतो. इथे एक जुनी रीत कामाला येते. गोव्यात एकतीस डिसेंबरला पोरं गवताचा, जुन्या कपड्यांचा 'ओल्ड मॅन' करतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पैसे मागतात आणि मध्यरात्री त्याला पेटवतात. हीच चाल दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात आहे, पण तिथे तिला एक सुरेख जोड आहे. पुतळा जाळण्यापूर्वी म्हाताऱ्या वर्षाचं मृत्युपत्र वाचतात. त्यात मावळतं वर्ष घरच्यांना, शेजाऱ्यांना, मित्रांना एकेक गोष्ट ठेवून जातं आणि ती देता देता प्रत्येकाला चिमटा काढतं. बोलणारं वर्ष असल्यामुळे मित्राचा चिमटा मित्राला लागत नाही, आणि प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी यावंच लागतं, कोणी वगळला जात नाही.

मराठी ग्रुपला मृत्युपत्रापेक्षा वाटणीपत्र जास्त शोभेल. सणासुदीला अशुभ नको, आणि खरेदीखत, वाटणीपत्र, चतुःसीमा ही भाषा आपल्याकडे कोणाच्या ना कोणाच्या घरातल्या पेटीत असतेच. वरच्या बॅचसाठी मजकूर असा होईल :

'मंडळी, आधी एक. जुलैत काकू गेल्या. शाळेच्या मागच्या त्या घरात आपल्यापैकी प्रत्येकाने पिठलं-भाकरी खाल्ली आहे. इंजिनिअर, यंदा तुझ्या घरी दिवाळी नव्हती, ते आम्हाला माहीत होतं. आता वर्षाचं म्हणणं ऐका.

*वाटणीपत्र*

लिहून देणार : सरतं वर्ष, वय १२ महिने, धंदा पळणे. लिहून घेणार : दहावी ब, हजर व गैरहजर.

कारणे लिहून देतो की, मी आज रात्री बारा वाजता जागा खाली करीत असून राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता पुढीलप्रमाणे वाटणी करीत आहे.

तारकर्लीची सहल ही मिळकत सामाईक राहील. तिची चतुःसीमा : पूर्वेस मास्तरांचे पेपर, पश्चिमेस बाईसाहेबांचं ऑडिट, दक्षिणेस सरपंचांचा ऊस, उत्तरेस वकिलांची कोर्टाची तारीख. मध्ये समुद्र, जागच्या जागी.

वकिलांना : जानेवारीचे नऊ सूर्योदय, फोटोसह. पुढचे सूर्योदय फोटोशिवाय पार पडले, सूर्याची हरकत नाही.

शेठना : बटाटेवड्याचे फोटो, आजन्म. खाण्याचा हक्क डॉक्टरांकडे गहाण.

बाईसाहेबांना : ग्रुपवरचे सगळे चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ, वंशपरंपरेने.

न्यू जर्सीला : आमची रात्र दीडची वेळ, जी तो वर्षभर बिनभाड्याने वापरत आहे. शिवाय त्या मोदकांच्या पाकळ्या मोजून घेण्याचा अधिकार बॅचकडे राखून.

मौनीबाबांना : 'निघालोय' हा शब्द. वर्षभरात त्यांनी एवढाच लिहिला, आणि याच्याइतका कामाचा शब्द ग्रुपवर दुसरा आला नाही.

इंजिनिअरला : आमच्या सगळ्यांच्या घरची पिठलं-भाकरी, कधीही, न कळवता.

सबब हे वाटणीपत्र लिहून दिले असे. साक्षीदार : वर्गातला तो मागचा बाक.'

आता यातल्या दोन-तीन जागा बघा. काकूंची ओळ सगळ्यांत आधी आहे आणि साध्या भाषेत आहे. ती शेवटी टाकली असती तर हसून झाल्यावर आठवण आल्यासारखी वाटली असती. वाटणीत मिसळली असती तर थट्टेचा साचा दुःखाला लागला असता. पुढे इंजिनिअरलाही वाटा मिळतोच, कारण ज्याच्या घरी दुःख झालं त्याला सगळे इतकं जपून वागवतात की तो ग्रुपमध्येच परका होतो. त्याचा वाटा मात्र काकूंच्या पिठल्यातून निघतो, म्हणून तो हसूही शकतो.

सहलीची गंमत चौघांवर सारखी वाटलेली आहे. सहल कोणामुळे राहिली हे प्रत्येक ग्रुपला नेमकं माहीत असतं, आणि ते लिहायचं नसतं. चतुःसीमेत चार दिशा असल्याने चार जणांची कारणं एका पातळीवर येतात, समुद्र आपल्या जागी राहतो आणि पुढच्या सहलीचा विषय आपोआप निघतो. मौनीबाबांच्या बाबतीत त्यांच्या गप्प बसण्यावर विनोद करणं सगळ्यांत सोपं होतं. पण जो बोलत नाही त्याला 'बोलत नाहीस' म्हटलं की तो आणखी मागे सरतो. त्याने वर्षभरात केलेली एक गोष्ट शोधून ती नेमकी लिहिली, तर तो वाचतो आणि बाकीचेही गप्प होऊन वाचतात. असा मेसेज लिहिण्यासाठी जो खटाटोप करायचा तो मला या एका ओळीसाठीच करावासा वाटतो.

तपशील मात्र तपासून घ्यायचे. नऊ जानेवारी म्हणजे नऊच. अंदाजाने 'आठवडाभर' लिहिलं तर वकील मागे जाऊन मोजणार आणि विनोद मरणार. खरा आकडा, खरी वेळ, त्यांचाच शब्द असला की दुसरं काही सजवावं लागत नाही. चित्रं, चिन्हं टाळावीत. शीर्षकाच्या दोन्ही बाजूंना एकेक तारा दिला की ते ठळक दिसतं, तेवढं पुरे.

लांब मेसेज व्हॉट्सॲप अर्ध्यात दुमडतं आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. म्हणून काकूंची ओळ आणि 'वय १२ महिने, धंदा पळणे' हे दोन्ही घडीच्या वर दिसलं पाहिजे. पुढचं वाचायला माणूस त्यासाठीच थांबतो. दहा-बारा जणांच्या ग्रुपला माणशी एक-दोन वाक्यं भरपूर झाली. ग्रुप चाळीस जणांचा असेल तर माणशी वाटणी जमत नाही. तिथे गावं धरावीत, पुणेकरांना एक, गावात राहिलेल्यांना एक, परदेशातल्यांना एक.

पाठवायची वेळ बारा ठेवू नये. बाराला सगळीकडून एकदमच मेसेज येतात आणि हा त्यांच्याखाली गाडला जातो. संध्याकाळी सातची वेळ चांगली. इकडे जेवणं व्हायची असतात, न्यू जर्सीत सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, दुबईत साडेपाच. आपला बाराचा ठोका पडेल तेव्हा न्यू जर्सीत दुपारचे दीड वाजलेले असतील आणि तो कामात असेल.

मेसेज लागू पडला की नाही हे अंगठ्यांवरून ओळखू नये. अंगठा सगळ्यांनाच मिळतो. कोणीतरी 'पाचवी सीमा राहिली, माझा गुडघा' असं जोडलं, कोणी काकूंच्या ओसरीची आठवण लिहिली, सरपंचांनी उसाची तोड कधी संपते ते सांगितलं, तर तो लागला. ज्याच्यावर ओळ होती त्याने वाचून काहीच लिहिलं नसेल, तर ग्रुपवर खुलासे करत बसू नये. पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत मजकूर बदलता येतो, तेवढ्यात ओळ बदलावी. वेळ टळली असेल तर सरळ फोन लावावा आणि एक जानेवारीची वाट बघू नये.