दोन बाटल्या, दोन घड्याळं

रात्रीचे अकरा वाजलेत. अडीच वर्षांचं पोर तापाने फणफणलं आहे. आठ वाजता पॅरासिटामॉल दिलं, तेव्हा ताप १०३ होता. मध्यंतरी तो १०१ वर आला, पोराने दोन घास वरणभातही खाल्ला. आता थर्मामीटर पुन्हा १०२.५ दाखवतोय. पॅरासिटामॉलच्या पुढच्या डोसला अजून तीन तास आहेत. अशा वेळी आईला शेजारणीचे शब्द आठवतात: "एकाने नाही उतरला तर मधे दुसरं द्यायचं. तीन-तीन तासांनी आलटून पालटून. आमच्याकडे नेहमी असंच करतो." कपाटात दुसरी बाटली आहेच, मागच्या तापातली.

ही दुसरी बाटली म्हणजे बहुतेक वेळा आयबुप्रोफेन. ही दोन औषधं मुलाला आलटून पालटून देता येतात का? देता येतात, पण काही अटी पाळून, काही वेळा, आणि सहसा डॉक्टरांनी सांगितल्यावरच. 'तीन-तीन तासांनी' हा नियम मात्र त्या अटींत बसत नाही. का बसत नाही ते समजायला थोडा हिशेब करावा लागेल.

आधी ही औषधं करतात काय ते पाहू. जंतुसंसर्ग झाला की मेंदूतलं तापमान राखणारं केंद्र आपला काटा मुद्दाम वर सरकवतं. पोराचे हातपाय गार पडतात, ते कुडकुडतं आणि अंग तापत जातं. काटा वर सरकवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामार्फत होतं. आपली दोन्ही औषधं हे रसायन तयार होऊ देत नाहीत, म्हणून काटा थोडा खाली येतो. जंतूंवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही, आजार एका दिवसानेही कमी होत नाही. तापामुळे येणारे झटकेही ही औषधं रोखत नाहीत, मग ती एक द्या किंवा दोन. ती मुलाला आराम देण्यासाठी आहेत. त्यामुळे १०४ चा ताप १०२ झाला आणि पोर उठून पाणी प्यायलं, तर औषध लागू पडलंय. थर्मामीटर ९८.६ वर आणण्याचा हट्ट धरला की दुसरी बाटली हातात येते.

दोन्ही एकत्र दिल्याने फायदा होतो का, हे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी तपासलं. सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या, घरीच उपचार चालू असलेल्या १५६ तापकरी मुलांवरचा हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही औषधं मिळालेल्या मुलांचा पहिल्या २४ तासांत तापात गेलेला वेळ नुसत्या पॅरासिटामॉलपेक्षा साडेचार तासांच्या आसपास कमी झाला. नुसत्या आयबुप्रोफेनशी तुलना केली तर फरक अडीच तासांचा होता. पण मुलाला बरं वाटतंय का, ते कमी किरकिरतंय का, याचं उत्तर जवळपास सारखंच आलं. म्हणजे जास्तीचा फायदा झाला तो प्रामुख्याने थर्मामीटरवर. आणि अभ्यासात सहभागी असलेल्या, वेळापत्रक हातात असलेल्या पालकांकडूनही काही मुलांना ठरल्यापेक्षा जास्त डोस गेले होते.

ब्रिटनची अधिकृत मार्गदर्शिका म्हणूनच जपून बोलते. दोन्ही औषधं एकाच वेळी देऊ नका. एक निवडा. त्याने मुलाचा त्रास कमी होत नसेल तर दुसऱ्याकडे वळा. आलटून पालटून देण्याचा विचार फक्त तेव्हा करा, जेव्हा पुढच्या डोसच्या आधीच मूल पुन्हा बेचैन होतं. इथे 'बेचैन' हा शब्द महत्त्वाचा. अंग गरम आहे पण पोर खेळतंय, तर दुसऱ्या औषधाची गरज नाही. झोपलेल्या मुलाला उठवून औषध पाजण्याचीही नाही.

आता हिशेब. मुलाचं वजन १२ किलो धरू. पॅरासिटामॉलचा एक डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवायचं आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस द्यायचे नाहीत. म्हणजे दिवसाची मर्यादा ७२० मिलिग्रॅम. आयबुप्रोफेनचा डोस किलोमागे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम, म्हणजे १२०. ते आठ तासांनी, दिवसात तीनदा, म्हणजे ३६० मिलिग्रॅमपर्यंत.

पहिली चूक इथेच दिसते. एका औषधाचं घड्याळ सहा तासांचं, दुसऱ्याचं आठ तासांचं. तीन-तीन तासांनी आलटून पालटून दिलं की दोन्ही औषधं सहा तासांच्या घड्याळावर येतात आणि आयबुप्रोफेनचे तीनऐवजी चार डोस होतात. ३६० च्या जागी ४८० मिलिग्रॅम.

दुसरी चूक आपल्याकडे अधिक होते आणि ती दिसतही नाही. 'दुसरी बाटली' पुष्कळदा निव्वळ आयबुप्रोफेनची नसते. आपल्या औषधांच्या दुकानांत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली सिरप सर्रास मिळतात. पाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि १६२.५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, हे त्यातलं एक नेहमीचं प्रमाण. आपल्या आईने आयबुप्रोफेनचे १२० मिलिग्रॅम मोजून सहा मिलिलिटर दिलं. त्यासोबत पॅरासिटामॉलचे १९५ मिलिग्रॅम न सांगता पोटात गेले.

तिचा दिवस मांडून बघू. रात्री आठ, दोन, सकाळी आठ, दुपारी दोन: साधं पॅरासिटामॉल, चार वेळा १८०, म्हणजे ७२०. रात्री अकरा, पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच: 'दुसरं' औषध, चार वेळा १९५, म्हणजे आणखी ७८०. एकूण १५०० मिलिग्रॅम. मर्यादा होती ७२०. आईने एकही डोस मोजण्यात चूक केली नाही. तरी मुलाला दुपटीपेक्षा जास्त, किलोमागे १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल गेलं.

असा एखादा दिवस गेला म्हणून धडधाकट मुलाचं यकृत लगेच बिघडत नाही. पण व्हायरल ताप तीन-चार दिवस राहतो आणि रोज हेच चालतं. किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर तीन दिवस डोस जात राहिले, तर ते धोक्याचं धरतात. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी रूप घेतो. ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला निष्प्रभ करतं. आजारी मूल खात नाही, तेव्हा हा साठा आधीच आटलेला असतो. साठा संपला की तेच विष यकृताच्या पेशी मारू लागतं. आणि पहिल्या दिवशी काहीच कळत नाही: थोडी मळमळ, एखादी उलटी, जी तापातही होतेच. यावर ॲसिटिलसिस्टीन हा चांगला उतारा आहे, पण तो लवकर दिला तरच पुरता लागू पडतो. म्हणून जास्त डोस गेल्याची शंका आली, तर मूल ठीक दिसत असलं तरी बाटल्या घेऊन दवाखाना गाठायचा, लक्षणांची वाट बघत बसायचं नाही.

तिसरी चूक बाटलीच्या ताकदीची. पॅरासिटामॉलचं एक सिरप पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं असतं, दुसरं २५० चं, आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात. १८० मिलिग्रॅमसाठी पहिल्यातून साडेसात, दुसऱ्यातून ३.६ आणि ड्रॉप्समधून १.८ मिलिलिटर लागतात. मागच्या वेळी साडेसात दिलं होतं म्हणून या वेळी २५० च्या बाटलीतून तेवढंच दिलं, तर एका डोसातच दोन डोस गेले. त्यात सर्दीच्या सिरपमध्येही बरेचदा पॅरासिटामॉल असतं, आणि आजी ते 'नाकासाठी' म्हणून देत असते. परदेशातून आलेल्या बाटलीवर ॲसिटामिनोफेन लिहिलेलं असेल, तर तेही पॅरासिटामॉलच. आणखी एक नाव ओळखून ठेवावं: मेफेनॅमिक ॲसिड. तापासाठी तेही आपल्याकडे लिहून देतात, पण ते आयबुप्रोफेनच्याच कुळातलं. ही दोन एकमेकांच्या जोडीला द्यायची नसतात.

आता आयबुप्रोफेनबद्दल एक गोष्ट, जी ब्रिटनच्या पालकांना फारशी लागत नाही पण जून ते नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र-गोव्यात प्रत्येक घराला लागते. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात आणि आयबुप्रोफेन उरलेल्या प्लेटलेटच्या कामातही अडथळा आणतं. पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. तापाच्या पहिल्या दोन दिवसांत डेंग्यू आहे की साधा व्हायरल, हे नुसतं बघून ओळखणं कठीण. म्हणून पावसाळ्यात, डॉक्टरांनी तपासेपर्यंत, घरात एकच औषध: पॅरासिटामॉल. मूल उलट्या-जुलाबांनी सुकलं असेल, लघवी कमी झाली असेल, तर आयबुप्रोफेन मूत्रपिंडांना इजा करू शकतं. कांजिण्यांतही ते टाळतात. तीन महिन्यांखालच्या बाळाला ते देत नाहीत, अनेक डॉक्टर तर सहा महिने होईपर्यंत थांबतात. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप १००.४ च्या वर गेला, तर बाटली शोधत बसायचं नाही, बाळाला लगेच दाखवायचं.

डॉक्टरांनी तपासून, वजन करून, दोन्ही औषधं लिहून दिली तर वेळापत्रक कसं दिसेल? रात्री आठला पॅरासिटामॉल. बाराला मूल रडतंय, तळमळतंय, पण पाणी पितंय आणि लघवी झाली आहे, तर निव्वळ आयबुप्रोफेन. त्यानंतर पॅरासिटामॉल रात्री दोनच्या आधी नाही, आयबुप्रोफेन सकाळी आठच्या आधी नाही. दोन वाजता मूल झोपलेलं असेल, तर डोस नाही. औषध आपापल्या घड्याळावर चालतं, एकमेकांच्या नाही.

हे डोक्यात ठेवणं जागरणाने थकलेल्या आईबापांच्या आवाक्याबाहेरचं असतं, म्हणून ते कागदावर ठेवावं. फ्रिजच्या दारावर एक पान, चार रकाने: वेळ, औषधाचं नाव, किती मिलिलिटर, कोणी दिलं. चौथा रकाना सगळ्यात कामाचा. रात्री दोनला बाबा औषध पाजतात आणि अडीचला आजी उठून विचारते, "अगं, याला औषध दिलं का कोणी?" उत्तर त्या पानावर हवं. मोजायला बाटलीसोबतचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज घ्यायची, स्वयंपाकघरातला चमचा नाही. आणि बाटलीवरच्या मोठ्या नावाखालची बारीक अक्षरं उजेडात वाचायची.

एक शेवटची सूचना तापाच्या आकड्याबद्दलच. डेंग्यूमध्ये धोका पुष्कळदा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान येतो. ताप उतरला पण पोर मलूल आहे, पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, आठ तासांत लघवी नाही, तर थर्मामीटर ९८ दाखवत असला तरी तडक दवाखान्यात न्यायचं. अकरा वाजता जागी असलेल्या त्या आईने बघायचं ते हेच: पोर पाणी पितंय का, आपल्याकडे बघतंय का, हाक मारली की ओ देतंय का. या तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर दुसरी बाटली कपाटातच राहू द्यावी आणि दोन वाजेपर्यंत पोराला कुशीत घ्यावं.