१७२९चे सहा तुकडे

१७२९ ही संख्या रामानुजनांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. आजारी रामानुजनांना भेटायला हार्डी पटनीला गेले आणि आपल्या टॅक्सीचा क्रमांक काही खास नव्हता, असं म्हणाले. त्यावर रामानुजनांनी तत्काळ उत्तर दिलं, की दोन घनांची बेरीज म्हणून दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. १२³ + १³ म्हणजे १७२८ + १, आणि १०³ + ९³ म्हणजे १००० + ७२९. फ्रान्सच्या फ्रेनिकलने १६५७मध्येच या दोन बेरजा नोंदवल्या होत्या, पण किस्सा त्याच्या वाट्याला आला नाही.

किस्सा सांगून झाला की सहसा विषय संपतो. मला मात्र विचारावंसं वाटतं की एकाच संख्येत या दोन बेरजा एकत्र नांदतात कशा? यामागे काही रचना आहे का? रचना आहे, पण ती नेहमीच्या पूर्णांकांत राहून धड दिसत नाही. त्यासाठी पूर्णांकांत एका नव्या संख्येची भर घालावी लागते.

शाळेतलं सूत्र आठवा: x³ + y³ = (x + y)(x² − xy + y²). दुसऱ्या कंसाचे पूर्णांकांत आणखी अवयव पडत नाहीत. पण १ची तीन घनमुळं असतात. एक १ स्वतः, आणि उरलेली दोन संमिश्र. त्यांपैकी एकाला ω म्हणू: ω = (−१ + √−३)/२. मग ω³ = १ आणि ω² + ω + १ = ०. दुसरं संमिश्र घनमूळ म्हणजे ω², आणि ω² = −१ − ω. हा एवढा नियम पुढच्या सगळ्या आकडेमोडीला पुरतो. आता तो अडलेला कंस फुटतो: x² − xy + y² = (x + yω)(x + yω²).

तेव्हा a + bω अशा स्वरूपाच्या सगळ्या संख्या घेऊ, जिथे a आणि b पूर्णांक आहेत. यांची बेरीज, वजाबाकी किंवा गुणाकार केला तरी उत्तर याच स्वरूपात येतं. यांना आइझेनश्टाइन पूर्णांक म्हणतात. गोटहोल्ड आइझेनश्टाइनने १८४४मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, याच संख्यांच्या आधारे घनांच्या व्युत्क्रमतेचा सिद्धांत सिद्ध करून प्रसिद्ध केला. १८५२मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, तो वारला.

या संख्या मोजायच्या कशा? a + bωचा नॉर्म म्हणजे a² − ab + b². हा त्या संख्येच्या शून्यापासूनच्या अंतराचा वर्ग आहे, म्हणून तो कधी ऋण नसतो, आणि शून्य सोडल्यास किमान १ असतो. त्याचा खरा उपयोग असा की गुणाकाराचा नॉर्म म्हणजे नॉर्मांचा गुणाकार. त्यामुळे एखाद्या संख्येचे अवयव शोधायचे तर आधी तिच्या नॉर्मचे साधे अवयव पाहायचे. नॉर्म १ असलेल्या संख्या फक्त सहा: ±१, ±ω, ±ω². यांना एकक म्हणतात. पूर्णांकांत ७ आणि −७ यांत आपण अवयवांच्या दृष्टीने भेद करत नाही, तसाच इथे एककाने गुणल्याने अवयव बदलला असं मानत नाहीत. हे ध्यानात ठेवलं नाही की घोटाळा होतो. कोणी ७ = (३ + ω)(२ − ω) असं लिहितो, कोणी ७ = (३ + २ω)(१ − २ω), आणि दोन वेगळी उत्तरं आली असं वाटतं. पण ω(३ + २ω) करून पाहा, −२ + ω येतं, म्हणजे २ − ωच, फक्त चिन्ह उलटं.

आता मुख्य प्रश्न: या संख्यांत बाकी ठेवून भागाकार करता येतो का? पूर्णांकांत ४७ला १०ने भागलं तर बाकी भाजकापेक्षा लहान राहते. या एका गोष्टीवर युक्लिडची मसावि काढण्याची रीत उभी आहे, आणि त्या रीतीवर मूळ संख्यांत एकाच प्रकारे अवयव पडण्याची हमी. जिथे अशी लहान बाकी नेहमी मिळते, त्या संख्याव्यवस्थेला युक्लिडीय प्रांत म्हणू या.

इथे चित्र काढलेलं बरं. a + bω या सगळ्या संख्या प्रतलावर मांडल्या तर दारातल्या रांगोळीसाठी घातलेल्या आडठिपक्यांसारखी रचना होते. प्रत्येक ओळीतला ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येतो, आणि सगळीकडे बाजू १ असलेले समभुज त्रिकोण तयार होतात. α ला βने भागायचं असेल तर आधी खरा भागाकार α/β काढायचा. तो बहुधा ठिपक्यावर येत नाही, कुठल्यातरी त्रिकोणात पडतो. जवळचा ठिपका q निवडायचा आणि बाकी α − qβ घ्यायची. त्रिकोणातला सर्वांत अडचणीचा बिंदू म्हणजे त्याचा मध्य. तोही शिरोबिंदूंपासून १/√३ अंतरावरच असतो. अंतराचा वर्ग १/३, म्हणून बाकीचा नॉर्म भाजकाच्या नॉर्मच्या एक तृतीयांशाहून जास्त कधीच होत नाही. सिद्धता एवढीच आहे. हाताने गणित करताना तर अगदी जवळचा ठिपका शोधायचीही गरज नाही. भागाकारातले दोन्ही सहगुणक स्वतंत्रपणे जवळच्या पूर्णांकाला नेले तरी फरकाचा नॉर्म फार तर ३/४ भरतो, आणि आपल्याला तो १पेक्षा कमी असला की झालं.

हे सहज वाटत असलं तरी थोडक्यात हुकणारं प्रकरण आहे. ω ऐवजी नुसतं √−३ घेतलं, म्हणजे a + b√−३ अशाच संख्या ठेवल्या, तर ठिपके १ बाय √३ अशा आयतांच्या कोपऱ्यांवर बसतात. आयताचा मध्य कोपऱ्यांपासून बरोबर १ अंतरावर आहे. १ + √−३ ला २ने भागा, भागाकार नेमका त्या मध्यावर पडतो आणि बाकी भाजकापेक्षा लहान होतच नाही. परिणाम लगेच दिसतो: ४ = २ × २ आणि ४ = (१ + √−३)(१ − √−३). इथे २ आणि १ ± √−३ यांचे आणखी अवयव पडत नाहीत, आणि ते एककाच्या फरकाने एकमेकांसारखेही नाहीत. हमी मोडली. ऑयलरने १७७०च्या आपल्या बीजगणितात x³ + y³ = z³ या समीकरणाला शून्येतर उकल नाही, हे दाखवताना a + b√−३ अशाच संख्यांवर भिस्त ठेवली. अवयव परस्परांशी मूळ असतील आणि गुणाकार घन असेल तर प्रत्येक अवयव घन असला पाहिजे, हे त्याने पूर्णांकांच्या सवयीने गृहीत धरलं. निष्कर्ष खरा आहे, पण त्या पायरीखाली आधार नव्हता. आयताचा तो मध्य म्हणजे −ω². असे सगळे मध्य ठिपक्यांत सामील केले की आयतांची जागा त्रिकोण घेतात, आणि १ + √−३ म्हणजे −२ω² होऊन ४च्या दोन मांडण्याही एकच ठरतात.

आता १७२९कडे येऊ. १७२९ = ७ × १३ × १९. पहिली बेरीज देते १३ × १३३, दुसरी १९ × ९१. म्हणजे १२ + ω चा नॉर्म १३३, आणि १० + ९ω चा ९१. दोन्हींत ७ आहे. तेव्हा या दोन संख्यांचा मसावि युक्लिडच्या रीतीने काढू.

भागाकारासाठी १० + ९ω ची संयुग्मी संख्या घ्यायची: १० + ९ω² = १ − ९ω. गुणाकार करू:

(१२ + ω)(१ − ९ω) = १२ − १०७ω − ९ω² = २१ − ९८ω

याला ९१ने भागलं की ३/१३ − (१४/१३)ω येतं. पहिला सहगुणक ०च्या जवळ, दुसरा −१च्या. म्हणून q = −ω, आणि

बाकी = १२ + ω + ω(१० + ९ω) = १२ + ११ω + ९ω² = ३ + २ω

तिचा नॉर्म ९ − ६ + ४ = ७. भाजकाचा ९१ होता, बाकीचा ७. पुढची पायरी: १० + ९ω ला ३ + २ω ने भागायचं. (१० + ९ω)(१ − २ω) = २८ + ७ω, भागिले ७, म्हणजे ४ + ω. बाकी शून्य. मसावि ३ + २ω. दोन पायऱ्यांत काम झालं, आणि दोन्ही संख्यांचे पूर्ण अवयव हाती आले:

१२ + ω = (३ + २ω)(२ − ३ω)
१० + ९ω = (३ + २ω)(४ + ω)

२ − ३ω चा नॉर्म १९, ४ + ω चा १३. नॉर्म मूळ संख्या असला की ती संख्या आणखी फुटत नाही, म्हणून इथे थांबायचं. प्रत्येकाची संयुग्मी जोडली की १७२९चे सहा अवयव पडतात:

(३ + २ω)(१ − २ω) · (४ + ω)(३ − ω) · (२ − ३ω)(५ + ३ω)

पहिली जोडी ७ची, दुसरी १३ची, तिसरी १९ची. आता दोन बेरजा शेजारी ठेवून पाहा. १२³ + १³ मध्ये १३ची जोडी अखंड राहून १२ + १ हा साधा अवयव बनते, आणि १२ + ω मध्ये ७चा एक तुकडा १९च्या एका तुकड्याला भेटतो. १०³ + ९³ मध्ये १९ची जोडी अखंड राहते आणि ७चा तोच तुकडा १३च्या तुकड्याला भेटतो. १३ आणि १९ यांनी जागा बदलल्या, ७ मात्र दोन्हीकडे फुटलेला आहे. दोन बेरजा म्हणजे त्याच सहा तुकड्यांच्या दोन मांडण्या.

७, १३ आणि १९ तिघेही फुटतात यामागे नियम आहे. a² − ab + b² ला ३ने भागलं तर बाकी (a + b)² ला भागल्यावर येते तेवढीच येते, म्हणजे ० किंवा १. म्हणून ३ने भागून २ उरणाऱ्या मूळ संख्या, जसे २, ५, ११, कुणाचा नॉर्म होऊच शकत नाहीत आणि इथेही मूळच राहतात. १ उरणाऱ्या सगळ्या दोन तुकड्यांत फुटतात. ३ स्वतः अपवाद आहे: ३ = −ω²(१ − ω)², म्हणजे एकाच तुकड्याचा वर्ग.

मग वाचकाला शंका यायला हवी: ७ची जोडी अखंड ठेवून तिसरी बेरीज का मिळत नाही? तसं करायचं तर १३ आणि १९चे तुकडे एकत्र आणून x + yω अशी संख्या हवी, जिच्यात x + y = ७. (४ + ω)(२ − ३ω) = ११ − ७ω; बेरीज ४. ω ने गुणलं की ७ + १८ω, बेरीज २५. पुन्हा गुणलं की −१८ − ११ω, बेरीज −२९. दुसरा पर्याय (४ + ω)(५ + ३ω) = १७ + १४ω, बेरीज ३१; एककांनी फिरवल्यावर −११ आणि −२०. चिन्हं उलटली तरी, किंवा संयुग्मी घेतल्या तरी याच संख्या येतात. अवयव एकाच प्रकारे पडत असल्याने याखेरीज दुसरी जुळणी शिल्लकच नाही, आणि या यादीत ७ नाही. ११ − ७ω वरून ११³ − ७³ = ४ × २४७ = ९८८ मिळतात, ७ + १८ω वरून ७³ + १८³ = २५ × २४७ = ६१७५. १७२९ कुठल्याच फेरीत येत नाही.