दोन सावल्या आणि पृथ्वीचा परीघ

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिस हा ग्रीक विद्वान इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. दक्षिणेला नाईलकाठी सायीन नावाचे गाव होते, आजचे आस्वान. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी तिथे उभ्या काठीची सावली पडत नाही, हे त्याला माहीत होते. त्याच दिवशी, त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडत होती. या फरकावरून त्याने पृथ्वीचा परीघ काढला. त्याचे मूळ पुस्तक आज उपलब्ध नाही. क्लिओमीडीस या नंतरच्या लेखकाने ही रीत नोंदवून ठेवली आहे.

सूर्य फार दूर असल्यामुळे त्याचे किरण दोन्ही गावांत समांतर येतात असे धरू. आता दोन्ही काठ्या मनातल्या मनात जमिनीखाली वाढवत न्या. काठी ओळंब्यात उभी असेल तर दोन्ही रेषा पृथ्वीच्या मध्याशी मिळतील. सायीनची रेषा किरणाच्याच दिशेत आहे. अलेक्झांड्रियाची रेषा मात्र समांतर किरणांना छेदत जाते, म्हणजे ती छेदिका झाली. छेदिकेने केलेले व्युत्क्रम कोन समान असतात. म्हणून अलेक्झांड्रियात काठी आणि किरण यांच्यात जो कोन दिसतो, तोच कोन पृथ्वीच्या मध्याशी त्या दोन गावांमध्ये असतो. पृथ्वीच्या पोटात न शिरता तिथला कोन हाती येतो, तो असा.

कोन मोजायला त्याने अर्धगोल वाडग्यासारखे सावलीयंत्र वापरले. वाडग्याच्या तळाशी मधोमध उभा शंकू असतो आणि त्याची सावली आतल्या गोलाईवर पडते, त्यामुळे कोन थेट कंसाच्या रूपात वाचता येतो. ती सावली पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग भरली, आजच्या भाषेत ७.२ अंश. मीटरभर उंचीच्या काठीची सावली तेव्हा साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास पडेल. दोन गावांतले अंतर ५,००० स्टेडिया मानले जाई. ते परिघाचा पन्नासावा भाग, म्हणून पूर्ण परीघ २,५०,००० स्टेडिया. स्टेडिया म्हणजे नेमके किती मीटर, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. १५७.५ मीटर धरले तर उत्तर सुमारे ३९,४०० किलोमीटर येते, १८५ मीटर धरले तर ४६,२५०. ध्रुवांवरून मोजलेला खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे.

पण पृथ्वी गोल आहे, हे या दोन सावल्या सिद्ध करत नाहीत. जमीन सपाट आणि सूर्य जवळ असला तरी एका गावी सावली पडणार नाही आणि दुसऱ्या गावी पडेल. चीनमधल्या ‘झोउबी सुआनजिंग’ या प्राचीन ग्रंथात जमीन सपाट मानून काठीच्या सावल्यांवरून सूर्याची उंचीच काढली आहे. इरॅटोस्थेनिसने गोल पृथ्वी आणि समांतर किरण ही दोन्ही गृहीतके आधीच स्वीकारली होती. सपाट जमीन की गोल पृथ्वी, यांतले खरे कोणते हे ठरवायला आणखी दूरची काठी लागते. सायीनपासून उत्तरेला, अलेक्झांड्रियाच्या चौपट अंतरावर, सपाट जमिनीच्या हिशेबाने मीटरभर काठीची सावली चौपट, म्हणजे साधारण ५०.५ सेंटिमीटर होईल. गोल पृथ्वीवर कोन चौपट होतो आणि सावली ५५ सेंटिमीटरवर जाते.

या रीतीत चुका शिरतात त्या तीन वाटांनी. सायीन कर्कवृत्तावर नेमके नव्हते, थोडे उत्तरेला होते. अलेक्झांड्रिया त्याच्या सरळ उत्तरेला नाही, सुमारे तीन अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे दोन गावांतले तिरके अंतर उत्तर-दक्षिण अंतरापेक्षा जास्त भरते. तिसरी वाट सावलीच्या कडेची. सूर्यबिंब आकाशात अर्धा अंश रुंद दिसते, म्हणून सावलीची कड धूसर असते.

ही शेवटची अडचण आपल्याकडेही पारखून पाहता येते. २१ मार्चच्या सुमारास कोल्हापूर आणि नाशिक इथे मीटरभर काठ्या ओळंब्यात रोवा. घड्याळाच्या बारावर न जाता दिवसातली सर्वांत आखूड सावली मोजा. कोल्हापुरात ती सुमारे ३० सेंटिमीटर भरेल, नाशकात ३६.४. कोन अनुक्रमे १६.७ आणि २० अंश, म्हणजे फरक ३.३ अंश. रस्त्याचे नव्हे, नकाशावरचे उत्तर-दक्षिण अंतर घ्या. ते सुमारे ३६५ किलोमीटर आहे. ३६५ला ३.३ने भागून ३६०ने गुणले की सुमारे ३९,८०० किलोमीटर मिळतात. धूसर कडेमुळे एका सावलीत अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली, तर कोन पाव अंशाने बदलतो आणि परिघाचे उत्तर तीन हजार किलोमीटरच्या आसपास सरकते. म्हणून काठी उंच घ्यावी आणि दोन गावे जमतील तितकी दूर निवडावीत.