परीक्षानळीतली साय

तूप घातलेली पुरणपोळी खाऊन तीन-चार तासांनी रक्त काढलं, तर एरवी पिवळसर पारदर्शक असणारा सीरम दुधट दिसू शकतो. हा दुधटपणा कायलोमायक्रॉन या कणांचा. लहान आतडं जेवणातली चरबी प्रथिनांच्या आवरणात बांधतं. हे कण इतके मोठे, की केशवाहिन्यांत थेट शिरत नाहीत. ते लसीकावाहिन्यांतून वर चढतात आणि मानेच्या बुडाशी डावीकडच्या शिरेत उतरतात, यकृताला वळसा घालून!

रक्तात त्यांना एचडीएल भेटतं. ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ एवढीच त्याची ओळख अपुरी आहे. ते कायलोमायक्रॉनला सी-टू नावाचं प्रथिन उसनं देतं. ते मिळालं, तरच केशवाहिन्यांच्या भिंतीवरचं लायपेज हे विकर आतली चरबी फोडून स्नायूंना आणि मेदपेशींना देतं.

यकृतही चरबी बनवतं, साखर किंवा दारू जास्त झाली तर अधिकच, आणि व्हीएलडीएल कणांतून धाडतं. म्हणून उपाशीपोटीही ट्रायग्लिसराइड सापडतंच.

लायपेज किंवा सी-टू जन्मतः सदोष असेल, तर बारा तासांच्या उपासानंतरही सीरम दुधटच राहतो. जुनी चाचणी अगदी साधी आहे: नळी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी वर साय धरली, तर कायलोमायक्रॉन उरलेत. साय नाही, पण सगळा द्रव गढूळ, तर व्हीएलडीएल वाढलंय.

ट्रायग्लिसराइड 1000 मिलिग्रॅमच्या वर गेलं, की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो. जन्मजात दोष असलेल्यांना तेल-तूप जवळजवळ बंदच करावं लागतं.