व्याजदर वाढला म्हणजे पैसा आटला का?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१३ च्या पूर्वपरीक्षेत असा प्रश्न होता: पैशाचा पुरवठा तेवढाच राहिला आणि पैशाची मागणी वाढली, तर काय होईल? चार पर्यायांपैकी बरोबर उत्तर होतं, व्याजदर वाढेल. प्रश्न सोपा दिसतो. पण तोच उलटा विचारला, म्हणजे ‘व्याजदर वाढला, तर पैशाचा पुरवठा कमी झाला असं म्हणता येईल का?’ असा, तर अनेक उमेदवार चटकन ‘हो’ म्हणतील. उत्तर मात्र ‘नाही’ आहे.

चलनविषयक धोरणावरचे बहुतेक फसवे प्रश्न याच जागी रचलेले असतात. पैशाचा पुरवठा म्हणजे प्रमाण, किती रुपये आहेत ते. व्याजदर म्हणजे ते रुपये वापरण्याची किंमत. बाजारात कांदा महागला एवढ्यावरून आवक घटली असं ठरवता येत नाही. आवक तेवढीच असून गिऱ्हाईक वाढलेलं असू शकतं. व्याजदराचंही तसंच आहे. पुरवठा घटला की इतर गोष्टी तशाच असताना दर चढतो, हे खरं. पण दर चढण्याचं ते एकमेव कारण नव्हे.

दुसरा सापळा मोजणीचा. २०२० च्या पूर्वपरीक्षेत विचारलं होतं की, मागणी ठेवीच्या खात्यातून, म्हणजे हवे तेव्हा पैसे काढता येतात अशा खात्यातून, एक लाख रुपये रोख काढले, तर अर्थव्यवस्थेतल्या एकूण पैशाच्या पुरवठ्यावर तात्काळ काय परिणाम होईल? पुरवठा एक लाखाने घटेल, एक लाखाने वाढेल, त्याहून जास्त वाढेल, की तसाच राहील? नोटा हातात आल्यामुळे पुरवठा वाढला असं वाटतं. पण लोकांजवळची रोकड आणि लोकांच्या बँकांतल्या मागणी ठेवी हे दोन्ही पैशाच्या पुरवठ्यात धरले जातात. रोकड एक लाखाने वाढली आणि ठेव एक लाखाने घटली, म्हणजे बेरीज तीच. बँकेच्या तिजोरीतली रोकड या बेरजेत कधी नव्हतीच. पुरवठा तसाच राहतो.

इथे ‘तात्काळ’ हा शब्द निर्णायक आहे. त्या बँकेजवळची रोकड एक लाखाने कमी झाली, त्यामुळे पुढे तिची कर्ज देण्याची ताकद घटू शकते आणि कालांतराने पुरवठाही आक्रसू शकतो. म्हणून हा शब्द न वाचता पुढे गेलेला अभ्यासू उमेदवारसुद्धा ‘घटेल’वर खूण करून बसतो.

आता एक खरी घटना या कसोटीवर घासून पाहू. ६ डिसेंबर २०२४ ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५ टक्क्यांवर कायम ठेवला, पण रोख राखीव प्रमाण, म्हणजेच सीआरआर, ४.५ वरून ४ टक्क्यांवर आणण्याचं जाहीर केलं. ही कपात दोन टप्प्यांत होणार होती आणि तिच्यामुळे बँकांकडे सुमारे १.१६ लाख कोटी रुपये मोकळे होतील असं बँकेने सांगितलं. यावर तीन विधानं रचू.

‘रेपो दर कमी झाला.’ चूक; त्या दिवशी दराला हात लागला नव्हता. दरकपात ७ फेब्रुवारी २०२५ ला झाली, तेव्हा रेपो ६.२५ टक्क्यांवर आला.

‘पैशाचा पुरवठा लगेच १.१६ लाख कोटींनी वाढला.’ हेही चूक. मोकळी झालेली रक्कम बँकांची होती, लोकांच्या हातात किंवा खात्यांत आलेली नव्हती.

‘बँकांची कर्ज देण्याची क्षमता वाढली.’ हे बरोबर. बँक कर्ज देते तेव्हा कर्जदाराच्या खात्यात ठेव उभी राहते आणि पैशाचा पुरवठा वाढतो. पण कर्जाला मागणीच नसेल, तर ही वाढ होणार नाही.

एक मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत पुरवठा ठरलेला असतो आणि व्याजदर हलतो. आजची रिझर्व्ह बँक मात्र आधी दर ठरवते, आणि बाजारातला एका रात्रीच्या उसनवारीचा दर त्याच्या आसपास राहावा म्हणून गरजेप्रमाणे पैसा सोडते किंवा शोषून घेते. त्यामुळे २०१३ च्या प्रश्नातलं ‘पुरवठा तेवढाच राहिला’ हे गृहीत सोडलं, तर उत्तरही बदलू शकतं.

म्हणून प्रश्न वाचताना आधी तीन गोष्टी पेन्सिलीने अधोरेखित करा: विचारलंय ते प्रमाण की दर, परिणाम तात्काळचा की नंतरचा, आणि कोणती गोष्ट स्थिर धरली आहे. पर्यायांकडे त्यानंतरच वळा.